स्लाइडखालच्या नोट्स: हिंदमाताच्या एका स्लाइडची दुरुस्ती

प्रश्न: मी परळच्या एका सल्लागार कंपनीत स्थापत्य अभियंता आहे. येत्या शनिवारी माटुंग्याच्या एका कॉलेजात दीडशे मुलांसमोर मुंबईत पाणी का तुंबतं यावर वीस मिनिटं मराठीतून बोलायचं आहे. बारा स्लाइड आहेत आणि प्रत्येकीखाली मी सगळं भाषण लिहून ठेवलंय. मागच्या वेळी असंच केलं होतं, तर साहेब म्हणाले, "अरे, तू वाचून दाखवत होतास." मध्येच कुणी प्रश्न विचारला की कुठल्या ओळीवर होतो तेही सापडत नाही. नोट्स काढून टाकल्या तर आकडे विसरतो. नेमकं काय करू? पाचव्या स्लाइडवर पाण्यात बुडालेल्या हिंदमाताचा फोटो आहे, त्याखालची नोट जशीच्या तशी देतो:

"मुंबईतील पर्जन्यजलवाहिन्यांचे जाळे हे प्रामुख्याने ब्रिटिशकालीन असून सदर वाहिन्यांची क्षमता ओहोटीच्या वेळी ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतकी होती. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाढल्याने नाल्यांच्या मुखातून पाणी बाहेर पडू शकत नाही. हिंदमाता परिसर हा बशीच्या आकाराचा सखल भाग असल्यामुळे आजूबाजूचे पाणी येथे येऊन साचते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद करण्यात आली. त्यानंतर ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाअंतर्गत सदर क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत वाढविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले."

उत्तर: या नोटेतलं पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचा आणि नजर वर कधी उचलता येते ते बघा. "होती" येईपर्यंत उचलताच येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. मध्येच समोर बघितलंत, तर वाहिन्यांचं पुढे काय झालं हे तुमच्याही हातात नसतं. त्यामुळे लांब वाक्य लिहिलं की डोळे लॅपटॉपला चिकटतात. दोष तुमच्या धीटपणाचा नाही, वाक्याच्या लांबीचा आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. "सदर", "नोंद करण्यात आली", "हाती घेण्यात आले" असं आपण निविदेत लिहितो. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, तर तुम्ही म्हणाल, "अहो, नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर पडला त्या दिवशी!" साहेबांच्या कानाला जे खटकलं ते हेच असणार. माणूस तोंडानं "पडला" म्हणतो आणि कागदावरून "नोंद करण्यात आली" म्हणतो. ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या वाक्यातच कळतो.

आता दुरुस्ती. बहुतेक जण स्क्रीनवरच्या परिच्छेदातले शब्द खोडायला घेतात, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. खोडून उरतो तो लेखी मजकुराचाच सांगाडा, त्याच क्रमाने. आधी फाइलची एक प्रत करा, पूर्ण संहिता तिच्यात राहू द्या. मग नोट्स झाका, फक्त स्लाइड समोर ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि घरातल्या कुणाला तरी ती स्लाइड समजावून सांगा. श्रोता अभियंता नसेल तर उत्तम. तुमच्या ऑफिसातला सहकारी नको, त्याला सगळं आधीच माहीत असतं आणि तुम्ही अर्धी वाक्यं गिळता.

रेकॉर्डिंग ऐकताना तीनच गोष्टी टिपायच्या. सुरुवात कुठून झाली, कुठे अडखळलात, आणि कुठला आकडा किंवा नाव चुकलं. जे आपोआप नीट आलं त्याला नोट लागत नाही.

तुमची पाचवी स्लाइड मी स्वतः अशी बोलून पाहिली. पाण्याचा विषय माझा नाही, त्यामुळे माझं अडखळणं तुमच्यापेक्षा जास्त होतं, पण एक गोष्ट लगेच दिसली. समोर हिंदमाताचा फोटो असताना मी ब्रिटिशांपासून सुरुवात करूच शकले नाही. तोंडातून पहिलं वाक्य आलं ते, "हे पाणी इथंच का साचतं?" फोटो बघणाऱ्याच्या मनातही तेच असतं. तुमच्या लेखी नोटेत बशी तिसऱ्या वाक्यात येते, कारण लिहिताना आपण इतिहास, कारण, परिणाम असा क्रम लावतो. बोलताना बशी पहिली आली, मग बशीतून पाणी जायला वाट किती, मग ती वाट बंद कधी होते, मग 2005, मग उपाय. नोट्सचा क्रम हाच ठेवायचा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये वेगळा क्रम आला तर तुमचा घ्या.

माझ्याकडे शिकायला येणारे पहिल्या फेरीत जे लिहून आणतात ते साधारण असं असतं:

ब्रिटिशकालीन नाले – 25
भरती
हिंदमाता – बशी
944
ब्रिमस्टोवॅड – 50

दिसायला आटोपशीर आहे. आज वाचलं तर सगळं आठवेल, कारण संहिता अजून डोक्यात ताजी आहे. शनिवारी दीडशे मुलांसमोर "भरती" हा एकटा शब्द दिसला की मात्र प्रश्न पडेल, भरतीचं काय? भरतीची वेळ सांगायची होती, उंची सांगायची होती, की नाल्याचं तोंड बंद होतं ते? नुसतं नाम विषय सांगतं, पुढचं वाक्य सांगत नाही. मग तुम्ही घाबरून पुन्हा पूर्ण संहिता चिकटवता. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता "मथळ्यांच्या नोट्स" दिसल्या की मी न वाचताच परत करते. 25 आणि 50 बद्दल तर विचारूच नका. एकक नाही, कशाचे आकडे ते नाही, आणि 944 त्यांच्या शेजारी ठेवलाय, म्हणजे तासाचा आकडा आणि दिवसाचा आकडा एकाच रांगेत. गडबडीत "तासाला नऊशे" म्हणून मोकळे व्हाल.

नोटेतल्या ओळीनं एक काम केलं पाहिजे. तिच्याकडे क्षणभर बघितलं की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द तोंडात आला पाहिजे. त्यासाठी ओळीत प्रश्न हवा, नाहीतर क्रियापद, नाहीतर एखादी वस्तू जी काहीतरी करतेय. पाचव्या स्लाइडसाठी शेवटी हे उरलं:

फोटो. तीन सेकंद गप्प.

हे पाणी इथंच का? चारी बाजूंनी उतार, बशी

बशीला भोक केवढं? तासाला पंचवीस मिमी, **तेही ओहोटीला**

भरती आली तर? भोकावर झाकण

26 जुलै 2005: सांताक्रूझ, अख्ख्या दिवसात नऊशे चव्वेचाळीस

ब्रिमस्टोवॅड: पंचवीसचे पन्नास करा

पुढे → "आणि पन्नासही कमी पडले तर? पाणी ठेवायचं कुठं?"

पहिली ओळ बोलण्यासाठी नाहीच, ती सूचना आहे. फोटो आला की लोकांना तो बघू द्यायचा, त्यात बोलायचं नाही. पडद्यावर काय करायचं हे संहितेत कुणी लिहीत नाही, कारण संहिता फक्त शब्दांची असते. नोट्समध्ये मात्र थांबा, बोट दाखवा, पुढची स्लाइड दाबू नका, असं सगळं येऊ शकतं. माझ्या एका नोटेत नुसतं "पाणी पी" लिहिलेलं असतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत बशी आणि भोक हे एकच चित्र पुढे चाललंय. ते मी सुचवलं असं समजू नका, "बशीच्या आकाराचा" हे तुमचंच आहे, फक्त ते विशेषणात दडलं होतं. एक चित्र धरलं की ओळीओळीतला सांधा लक्षात ठेवावा लागत नाही. बशीनंतर भोक येणारच, भोकानंतर झाकण येणारच. प्रश्नोत्तरात वाट चुकलात तरी "आपण झाकणावर होतो" एवढं आठवतं आणि ओळ सापडते.

"तेही ओहोटीला" ठळक केलंय, कारण तुमच्या सगळ्या मुद्द्याचं वजन त्यावर आहे. जुन्या जाळ्याची पंचवीसची क्षमता ओहोटी धरून होती. ते शब्द सुटले तर श्रोता म्हणेल, पंचवीसपेक्षा कमी पडला तरी पाणी का तुंबलं? बोलताना नेमके असे छोटे, अट सांगणारे शब्द गळतात. मोठे मुद्दे गळत नाहीत. म्हणून ठळक अक्षरं मुद्द्यांसाठी वापरू नका, गळणाऱ्या शब्दांसाठी ठेवा. एका स्लाइडवर दोनपेक्षा जास्त ठिकाणी ठळक केलंत तर डोळ्याला काहीच ठळक दिसत नाही. रंगांचं मात्र करू नका. नोट्सला दिलेला रंग बोलणाऱ्याच्या पडद्यावर तसाच उमटेल याचा भरवसा नसतो.

आकडे अक्षरात का? मराठी आकडे जिभेला वाकडे असतात. इंग्रजीत वीस ओलांडलं की दशक आणि एकक आपापल्या क्रमानं येतात. आपल्याकडे एकक आधी, आणि एकोणसाठ, एकोणऐंशी यांची तऱ्हाच वेगळी. शिवाय तुम्ही शिक्षण आणि नोकरी इंग्रजी आकड्यांत केलेली. 944 दिसलं की डोकं आधी इंग्रजीत म्हणतं आणि मग मराठी शोधतं, तेवढ्यात "नऊशे... अं..." होतं. अक्षरात लिहिलं की शोधावं लागत नाही. सनावळी मात्र अंकातच ठेवा, त्या सवयीच्या असतात.

एक काळजी घ्या. ब्रिमस्टोवॅडचा अहवाल 1993 चा आहे आणि 2005 च्या पुरानंतर त्याच्या कामांना जोर आला. तुमच्या लेखी वाक्यात "मोठ्या प्रमाणावर" होतं, त्यामुळे ते चालून गेलं. बोलताना "2005 नंतर ब्रिमस्टोवॅड आला" असं सहज निघून जाईल, आणि माटुंग्याच्या सभागृहात महापालिकेतून निवृत्त झालेले एखादे अभियंता बसलेले असतातच. अशी भीती असेल तर त्या ओळीत 1993 टाका: "ब्रिमस्टोवॅड: कागद 1993 चा, जोर 2005 नंतर, पंचवीसचे पन्नास". ओळ लांबली तरी चालेल. संहिता छोटी करताना अशा जागा नेमक्या सपाट होतात, म्हणून नवी नोट जुन्या संहितेशी एकदा शेजारी ठेवून बघाच. तपासायचं एकच: छोटं करताना काही चूक तर झालं नाही ना.

शेवटची ओळ अवतरणचिन्हात आहे. ती शब्दशः म्हणायची. पुढच्या स्लाइडवर तुम्ही जमिनीखालच्या टाक्या दाखवणार असाल, प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदानातल्या, तर हा प्रश्न आधी विचारायचा आणि मग बटण दाबायचं. बहुतेक वक्ते उलटं करतात. स्लाइड येते, मग ते स्वतःच ती वाचतात आणि म्हणतात, "हं, तर आता टाक्या." दोन स्लाइडमधला सांधा हीच विसरण्याची सर्वांत मोठी जागा आहे, कारण तो कुठल्याच स्लाइडवर लिहिलेला नसतो. तुमच्या बारा स्लाइडच्या नोट्समध्ये वेळ एकाच गोष्टीला देता येत असेल, तर या अकरा सांध्यांना द्या.

पूर्ण वाक्य ठेवावं अशा आणखी थोड्या जागा आहेत. भाषणाचं पहिलं वाक्य, कारण तेव्हा घसा कोरडा असतो. शेवटचं वाक्य, नाहीतर आपण "बस, एवढंच" म्हणून खाली उतरतो. आणि जिथे शब्द बदलला तर अंगाशी येईल असं विधान. तुमच्या कंपनीचं एखाद्या चालू कामाबद्दलचं मत, खर्चाचा आकडा, कुणाची जबाबदारी. ते खुशाल वाचा, तेही वाचतोय हे दिसू देऊन: "हे नीट वाचूनच सांगतो." लोकांना त्याचं वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते वाचत असून बोलल्याचा आव आणला की.

आता पडद्याचं. पॉवरपॉइंटमध्ये `Alt+F5` दाबलंत तर दुसरा पडदा न जोडताही `Presenter View` उघडतो, सराव तिथेच करा. खाली अक्षर मोठं करायची बटणं असतात. लॅपटॉपपासून उभं राहून दोन पावलं मागे जा आणि तिथून वाचता येईल एवढं अक्षर वाढवा. त्या आकारात नोट सरकवल्याशिवाय पूर्ण दिसली पाहिजे. वरची सात ओळींची नोट माझ्या चौदा इंची लॅपटॉपवर जेमतेम मावते, म्हणजे ही वरची मर्यादा धरा. दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ सोडलीत तर नजर परत आल्यावर जागा सापडते. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये केलेलं मराठी स्लाइडवर छान दिसतं आणि नोट्सच्या खिडकीत त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊ शकते.

पण कॉलेजात हा सगळा थाट मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या सभागृहांत बऱ्याचदा लॅपटॉप मागे नियंत्रण कक्षात असतो आणि एक मुलगा तुमच्या "पुढची" वर स्लाइड बदलतो. तेव्हा समोर नोट्स नसतातच. किंवा प्रोजेक्टर लॅपटॉपचीच नक्कल दाखवत असतो आणि तुमच्या नोट्स सगळ्यांना दिसतात. विंडोजवर `Win+P` दाबून `Extend` निवडल्यावर हे सुटतं, पण आधी दहा मिनिटं पोहोचलात तरच. आदल्या दिवशी आयोजकांना एवढंच विचारा: लॅपटॉप माझ्यासमोर असेल का? उत्तर "बघू" असेल तर नोट्स छापून न्या. छापताना `Print` मध्ये `Notes Pages` निवडलंत की वर स्लाइडचं छोटं चित्र आणि खाली नोट येते. पानांवर क्रमांक मोठे घाला, माइक हातात घेताना पानं पडतात.

तपासणी दोनदा करायची. नवी नोट लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी संहिता न उघडता प्रत्येक ओळ बघा, नजर उचला, बोला. ओळ बघून एका श्वासात सुरुवात झाली नाही तर ती फार कोरडी आहे, तिच्यात क्रियापद किंवा प्रश्न घाला. ओळीतले शब्द तसेच्या तसे तोंडातून आले आणि पुढे काहीच सुचलं नाही, तर ती अजून संहिताच आहे. दुसरी तपासणी तुमच्या तक्रारीसाठी आहे. घरातल्या कुणालातरी सांगा की मध्येच, कुठेही, काहीही विचार. तुम्ही उत्तर द्या आणि नोट्सकडे परत या. ओळ शोधायला वेळ लागला तर त्या स्लाइडवर ओळी जास्त आहेत, किंवा दोन ओळी एकसारख्या सुरू होतात. मघाच्या नोटेत "भरती" आणि "ओहोटी" वेगवेगळ्या ओळींत अशा ठेवल्यात की दोन्ही ओळींची सुरुवात वेगळी दिसते, ते त्यासाठीच.

वेळ मोजायला `Rehearse Timings` वापरत असाल तर शेवटी ते वेळा जतन करायच्या का विचारतं. तिथे नाही म्हणा. हो म्हटलंत तर शनिवारी स्लाइड आपोआप पुढे पळायला लागतील आणि तुम्ही अजून बशीवरच असाल. चुकून झालंच तर `Slide Show` मधली `Use Timings` ची खूण काढा. त्यापेक्षा तीन स्लाइडच्या नोटेच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळाची वेळ लिहिणं सोपं: चौथीवर "7 मि.", आठवीवर "14 मि.", अकरावीवर "18 मि.". नोट्सवरून बोललं की भाषण लांबतं, हे धरूनच चला. तुमची पाचवी स्लाइड वाचायला मला पाऊण मिनिट लागलं, नव्या नोटेवरून बोलायला जवळजवळ दोन. लांबलेला वेळ कुठून काढायचा तेही आधीच ठरवा आणि त्या स्लाइडच्या नोटेत पहिली ओळ लिहा: "उशीर असेल तर सोड". स्टेजवर उभं राहून हा निर्णय नीट होत नाही.

काही भाषणांना संहिताच लागते. शेजारी दुभाषी उभा असेल, आवाज नंतर व्हिडिओवर चढवायचा असेल, किंवा तुमच्याऐवजी दुसराच कुणी बोलणार असेल, तर पूर्ण मजकूर द्या. तुमच्या बाबतीत यातलं काही नाही.

राहिली एक गोष्ट. कार्यक्रमानंतर आयोजक हमखास म्हणतात, "सर, पीपीटी पाठवा ना, मुलांना देतो." नोट्स फाइलीसोबत जातात. माझ्या एका कार्यक्रमाच्या नोटेत "फीबद्दल विचारलं तर विषय बदल" असं होतं आणि ती फाइल तिथल्या सगळ्या ग्रुपवर फिरली. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं नाही, आणि कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाठवायच्या प्रतीवर `File`, `Info`, `Check for Issues`, `Inspect Document` असं जा, `Presentation Notes` वर खूण ठेवून तपासा आणि `Remove All` करा. हे मूळ फाइलवर करू नका, नोट्स कायमच्या जातात.

बारा स्लाइड एका बैठकीत करायला जाऊ नका. आज पाचवी, सहावी आणि त्यांच्यामधला सांधा करा. उद्या सकाळी त्या दोन बोलून बघा, मग बाकीच्या हातात घ्या.